मशीन घ्यायची की कपडे बाहेर धुवायला द्यायचे? पेडण्यातल्या एका लाँड्रीचं गणित

मांद्र्याला राहणारा माझ्या मावसभावाचा मुलगा गेल्या पावसाळ्यात वही घेऊन म्हापशाला माझ्याकडे आला. मोरजी, आश्वे, हरमल या पट्ट्यातल्या गेस्टहाऊसांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल गोळा करून तो धुऊन, घडी घालून परत देतो. आत्तापर्यंत धुवायचं काम एका मोठ्या लाँड्रीला ठेक्यावर देत होता. आता त्याला स्वतःच्या मशीन घ्यायच्या होत्या. म्हणाला, "काका, बाहेर दिलं की किलोला ४४ रुपये जातात. घरचं केलं तर २०. यात विचार काय करायचा?"

विचार करायचा होता, कारण २० रुपयांच्या मागे भाडं, पगार आणि कर्ज उभं होतं, आणि किलोचा हिशेब त्याने केला होता तो फक्त डिसेंबर धरून. नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांनी असा निर्णय कसा तपासावा, ते त्याच्याच वहीवरून सांगतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. तुमच्याकडे वेगळे असतील, रीत तीच राहील.

आधी खर्च वेगळे करा, आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारा

पुस्तकात दोनच कप्पे असतात. कपडे वाढले की वाढतो तो बदलता खर्च, कपडे आले नाहीत तरी द्यावा लागतो तो स्थिर खर्च. व्यवहारात मी तिसरा प्रश्न विचारतो: उद्या काम थांबलं तर हा खर्च किती दिवसांनी थांबेल? जागेचा करार ११ महिन्यांचा असेल आणि मधेच सोडायची सोय नसेल, तर ते भाडं ११ महिने स्थिर. कामगाराला पावसात गावी जाऊन दिवाळीच्या सुमारास परत यायचं असेल, तर त्याचा पगार कागदावर स्थिर असला तरी वर्षाला आठच महिन्यांचा. वीजबिलात दोन्ही असतात. मंजूर भारावरचा स्थिर आकार मशीन बंद असली तरी येतो, युनिटांचे पैसे वापराप्रमाणे. बिलाची एकच रक्कम उचलून एका कप्प्यात टाकू नका, बिल उघडून दोन ओळी वेगळ्या करा.

त्याला गेस्टहाऊसवाले किलोला सरासरी ६० रुपये देतात. दोन वाटा अशा होत्या.

ठेक्याची वाट: लाँड्रीचा दर, पॅकिंग आणि पेट्रोल धरून किलोला ४४ रुपये बदलता खर्च. गाडीची देखभाल, फोन, अर्धवेळ मदतनीस असा महिन्याचा स्थिर खर्च १८,००० रुपये.

मशीनची वाट: वीज, पाणी, साबण, पॅकिंग, पेट्रोल मिळून किलोला २० रुपये. स्थिर खर्चात आधीचे १८,००० आहेतच. वर जागेचं भाडं २०,०००, दोन कामगार ३२,०००, आणि मशीनची झीज व कर्जाचं व्याज मिळून २०,०००. एकूण महिन्याला ९०,०००.

इथे नवखे हमखास एक घोटाळा करतात. कर्जाचा हप्ता खर्च म्हणून धरतात आणि वर झीजही धरतात. हप्त्यातली मुद्दल ही उसने घेतलेल्या पैशांची परतफेड आहे, खर्च नाही. नफा काढताना झीज आणि व्याज धरा, हातात पैसे पुरतील का हे बघताना झीज सोडून पूर्ण हप्ता धरा. त्याचं कर्ज ९ लाखांचं, दर साल १० टक्क्यांनी ५ वर्षांचं, म्हणजे हप्ता १९,००० च्या जरा वर. मशीन ६ वर्षं चालेल असं धरलं तर झीज महिन्याला १२,५००, आणि सुरुवातीचं व्याज ७,५००. दोन्हींची बेरीज हप्त्याच्या जवळ आली हा योगायोग. दरवेळी तसं होत नाही.

मग समविच्छेद बिंदू काढा

६० रुपयांतून बदलता खर्च वजा केला की उरतं ते कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे स्थिर खर्च फेडायला प्रत्येक किलो किती हातभार लावतो ते. ठेक्यात १६ रुपये, मशीनमध्ये ४०.

समविच्छेद बिंदू = स्थिर खर्च ÷ किलोमागचं कॉन्ट्रिब्युशन

ठेका: १८,००० ÷ १६ = १,१२५ किलो
मशीन: ९०,००० ÷ ४० = २,२५० किलो

एवढे किलो झाले की ना नफा ना तोटा. आणि दोन्ही वाटांना सारखाच नफा कुठे होतो? स्थिर खर्चातला फरक ७२,००० आणि किलोमागे वाचतात २४ रुपये, म्हणजे ३,००० किलोला. त्याच्या खाली ठेका बरा, वर मशीन बरी. बरेच जण इथेच थांबतात. "माझे ३,००० च्या वर होतात" म्हणतात आणि बँकेत जातात.

३,००० किलोवर उभं राहून खाली बघा

महिन्याला ३,००० किलो झाले तर दोन्हीकडे नफा ३०,०००. नफा सारखा असला तरी पायाखालची जमीन सारखी नाही.

मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणजे तोटा सुरू होण्याआधी धंदा किती घसरू शकतो ते. ठेक्यात ३,००० मधून १,१२५ वजा केले की १,८७५ किलो, म्हणजे साडेबासष्ट टक्के. मशीनमध्ये फक्त ७५० किलो, म्हणजे २५ टक्के.

ऑपरेटिंग लिव्हरेज हीच गोष्ट उलट बाजूने सांगतं: विक्री एक टक्का हलली तर नफा किती टक्के हलेल? एकूण कॉन्ट्रिब्युशनला नफ्याने भागायचं. ठेका: ४८,००० ÷ ३०,००० = १.६. मशीन: १,२०,००० ÷ ३०,००० = ४. म्हणजे मशीनवाल्याचे किलो १० टक्के घटले तर नफा ४० टक्के जातो, ठेकेवाल्याचा १६ टक्के. वाढले तर तेवढाच वाढतो, म्हणून तर माणूस मोहात पडतो.

हे दोन आकडे एकमेकांचे व्यस्त आहेत. १ ÷ ०.२५ = ४, आणि १ ÷ ०.६२५ = १.६. एक काढला की दुसरा तपासायला वापरा. जुळले नाहीत तर आकडेमोडीत कुठेतरी चूक आहे. दुसरं म्हणजे लिव्हरेज हा धंद्याला चिकटलेला कायमचा गुण नाही, तो त्या त्या किलोवरचा आकडा आहे. समविच्छेद बिंदूच्या जवळ तो भलताच मोठा होतो, लांब गेलं की उतरतो. "आमचं लिव्हरेज ४ आहे" हे वाक्य किती किलोवर ते सांगितल्याशिवाय अपुरं.

मग मी त्याला विचारलं, तुझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक महिन्याला किती किलो देतं? वही चाळून म्हणाला, "९००." मशीनच्या वाटेत सगळी सुरक्षितता ७५० किलोंची. त्या एका मालकाने उद्या स्वतःची मशीन घेतली की उरतात २,१००, आणि महिन्याला ६,००० तोटा. ठेक्यात तेच झालं तर १५,६०० नफा शिल्लक राहतो. टक्केवारी मनात नीट बसत नसेल तर हाच प्रश्न विचारा. मोठ्यात मोठं गिऱ्हाईक तुमच्या मार्जिन ऑफ सेफ्टीपेक्षा मोठं आहे का?

गोव्यात महिन्याची सरासरी धरू नका

नोव्हेंबर ते मार्च पाच महिने त्याचा हंगाम, महिन्याला ४,२०० किलो. ऑक्टोबर, एप्रिल, मे मध्यम, ३,००० च्या आसपास. पावसाआधी किनाऱ्यावरचे शॅक आणि झोपड्या मोडल्या जातात, गेस्टहाऊस अर्धी बंद होतात, आणि जून ते सप्टेंबर चार महिने जेमतेम १,२०० किलो. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पावसात पेडण्यात थोडी गर्दी असते हे खरं, पण त्याच्या वहीत ती अजून दिसत नव्हती. वर्षाचे एकूण ३४,८०० किलो, महिन्याची सरासरी २,९००.

सरासरी २,२५० च्या बरीच वर आहे म्हणून मशीन सुरक्षित वाटते. महिने वेगळे करून बघा:

| महिन्याचे किलो | ठेका | मशीन |
|---|---|---|
| हंगाम, ४,२०० (५ महिने) | ४९,२०० | ७८,००० |
| मध्यम, ३,००० (३ महिने) | ३०,००० | ३०,००० |
| पाऊस, १,२०० (४ महिने) | १,२०० | −४२,००० |
| वर्षाचा नफा | ३,४०,८०० | ३,१२,००० |

डिसेंबरमध्ये मशीनवाला राजा, आणि चवथीला गणपती आणताना खिसा रिकामा. हंगामात दोघांतला फरक २८,८०० चा, पण पावसातला एक महिना त्यातून ४३,२०० परत नेतो. वर्षावर मार्जिन ऑफ सेफ्टी ठेक्यात ६१ टक्के, मशीनमध्ये २२. लिव्हरेज १.६३ आणि ४.४६. आता हंगाम बिघडला आणि वर्षभराचे किलो २० टक्क्यांनी घटले असं धरा. ठेक्याचा नफा २,२९,४४० वर येतो. मशीनचा ३३,६०० वर, म्हणजे वर्षभर राबून महिन्याला २,८०० रुपये.

या तक्त्यात मी मशीनला एक सवलत दिली होती, तीही सांगतो. पावसात चादर दोरीवर वाळत नाही. सगळं ड्रायरमध्ये जातं आणि बदलता खर्च २० चा २६ होतो. पावसाच्या ४,८०० किलोंवर ६ रुपये म्हणजे वर्षाचे आणखी २८,८०० गेले. बदलता खर्च वर्षभर एकसारखा असतो हे समविच्छेदाच्या सूत्रातलं गृहीतक आहे, आणि आपल्याकडे ते जूनमध्ये मोडतं.

वरचं छत मोजा

लिव्हरेज दोन्ही बाजूंना सारखं असतं असं सूत्र सांगतं. मशीनला मात्र छत असतं. १५ किलोच्या दोन मशीन, दिवसाला प्रत्येकी सहा घाणे, म्हणजे १८० किलो, २६ दिवसांचे ४,६८०. हंगामात काम २० टक्क्यांनी वाढलं तर ५,०४० किलो येतील, ते बसणारच नाहीत. म्हणजे घसरण पूर्ण भोगायची आणि वाढ छतापर्यंतच मिळायची. मशीन घेणाऱ्या प्रत्येकाने किलोच्या आकड्याशेजारी क्षमतेचा आकडा लिहावा. तो न लिहिता केलेली "धंदा वाढला तर" ही गणितं मला फारशी पटत नाहीत.

ठेक्यालाही धोका असतो, तो दरात असतो

इथवर ऐकून पोरगा म्हणाला, "म्हणजे मशीन नकोच." तसंही नाही. ठेक्याचं कॉन्ट्रिब्युशन पातळ आहे, १६ रुपये. लाँड्रीने दर ४ रुपयांनी वाढवला आणि गेस्टहाऊसवाल्यांनी वाढवून दिला नाही, तर उरतात १२. समविच्छेद १,१२५ वरून १,५०० वर जातो आणि वर्षाचा नफा १,३९,२०० ने घटतो, तोही एकही किलो न गमावता. मार्जिन ऑफ सेफ्टी आणि लिव्हरेज दोन्ही किलो कमी झाले तर काय होईल एवढंच सांगतात. दर हलला तर काय होईल, ते वेगळं गणित करून बघावं लागतं. बदलता खर्च म्हणजे बिनधोक खर्च नव्हे, त्याचा दर दुसऱ्याच्या हातात असतो.

मधली वाट: तळाचं काम घरी, वरचं बाहेर

शेवटी आम्ही तिसरी वाट मांडली. एकच मशीन, लहान ड्रायर, एक कामगार, लहान जागा. स्थिर खर्च: जुने १८,०००, भाडं १२,०००, पगार १६,०००, झीज आणि व्याज १४,०००. एकूण ६०,०००. क्षमता साधारण २,३०० किलो. त्यावरचं सगळं ठेक्यावर.

हंगामात २,३०० किलोंवर ४० रुपये आणि उरलेल्या १,९०० वर १६ रुपये. स्थिर खर्च वजा केला की ६२,४०० नफा. मध्यम महिन्यात ४३,२००. पावसात १२,००० तोटा. वर्षाचे ३,९३,६००, आणि पावसाळी ड्रायरचे २८,८०० वजा करून ३,६४,८००.

ठेक्यापेक्षा हे २४,००० नेच जास्त आहे, आणि तेवढ्यासाठी मी कुणाला कर्ज काढायला सांगणार नाही. पारडं झुकलं ते दोन कारणांनी. पहिलं, धंदा घसरला तर हंगामात आधी गळतो तो ठेक्यावरचा १६ रुपयांचा किलो. घरचा ४० रुपयांचा किलो जागेवर राहतो. २० टक्के घसरणीत मधल्या वाटेचा नफा ड्रायरसकट २,३६,१६० राहतो, म्हणजे ठेक्याच्या बरोबरीने तग धरतो. दुसरं, लाँड्रीने ४ रुपये वाढवले तर फटका फक्त बाहेर जाणाऱ्या ११,६०० किलोंवर बसतो, ४६,४०० रुपयांचा. निव्वळ ठेक्यात तोच १,३९,२०० चा होता.

मधल्या वाटेत "१ भागिले मार्जिन" हा शॉर्टकट चालत नाही, कारण २,३०० च्या खाली आणि वर कॉन्ट्रिब्युशन वेगळं आहे. दोन टप्पे वेगळे करूनच मांडावं लागतं. तिचा समविच्छेद मात्र खालच्या टप्प्यातच येतो: ६०,००० ÷ ४० = १,५०० किलो.

या वाटेचा फसायचा दिवस कुठला ते आधीच ओळखा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठेक्याची लाँड्री स्वतःच तुंबलेली असते, आणि तुमचे रोजचे वरचे ७० किलो ती नको म्हणते. म्हणून रोज किती किलो घ्यायचे, कुठल्या दराने आणि किती वेळात परत द्यायचे, हे पावसातच लिहून घ्यावं. तेव्हा त्यांनाही काम हवं असतं आणि बोलणं सोपं जातं. वर्षभर काहीतरी काम देत राहिलात तर शब्द पाळला जातो. फक्त नाताळात उगवणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी जागा राखत नाही.

आणि ज्याच्याकडे वर्षभराचे किलो लिहिलेलेच नाहीत, त्याने पहिलं वर्ष ठेक्यावरच काढावं. ते वर्ष थोडं महाग पडतं, पण ऑगस्टमध्ये खरोखर किती चादरी येतात हे कळायला ऑगस्ट जावाच लागतो.

पावसाचं पुरुमेंत

शेवटची पायरी पैशांची. मे महिन्यात आपण मिरच्या, आमसुलं, सुकं मासळ भरून ठेवतो, तसा मशीनवाल्याने पावसाचा तोटा मेअखेर बाजूला काढून ठेवायचा. मधल्या वाटेत चार महिन्यांचे ४८,००० आणि ड्रायरचे २८,८००, मिळून ७६,८००. यात झीज खर्च म्हणून धरलेली आहे, तिचे पैसे खिशातून जात नाहीत, पण हप्त्यातली मुद्दल जाते. दोन्ही एकमेकांच्या जवळपास आहेत म्हणून मी तोच आकडा ठेवला. एका महिन्याची उधारी यात धरलेली नाही, तिची सोय वेगळी करावी लागते, कारण गेस्टहाऊसवाले मे महिन्याचं बिल जुलैत देतात, आणि कधी कधी दाराला कुलूप लावून गावाला गेलेले असतात.

त्याने पावसाच्या तोट्याचे हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं ठरवलं. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला १६,००० टाकले की ८०,००० होतात. ६२,४०० च्या नफ्यातून तेवढे निघतात. ज्याला हंगामातही एवढे बाजूला काढता येत नाहीत, त्याचा स्थिर खर्च त्याच्या धंद्याला मोठा आहे, तक्ता काहीही सांगो.

ऑक्टोबरात मशीन आली. जागा त्याच्या घराच्या पाठीमागच्या वाड्यावर मिळाली, भाडं १२,००० च ठरलं. भिंतीवर खडूने १,५०० लिहिलंय आणि खाली रोजचे किलो. २० तारखेपर्यंत १,००० झाले नाहीत तर त्या महिन्यात तोटा येतोय असं समजायचं. पावसातले चार महिने सोडून कुठल्याही महिन्यात तसं झालं, तर त्याच दिवशी मला फोन करायचा, महिना संपायची वाट बघायची नाही.